बाष्पीभवनी शीतन, अप्रत्यक्ष

पाण्याचे बाष्पीभवन होताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग करून, परंतु थंड करावयाच्या हवेत पाण्याचा अंशही न मिसळता, ती हवा थंड करण्याच्या पद्धतीला अप्रत्यक्ष बाष्पीभवनी शीतन म्हणतात. दारावर लावलेल्या वाळ्याच्या ओल्या पडद्यातून किंवा घरगुती कूलरच्या ओल्या गादीतून जी हवा आत येते, ती थंड तर होतेच, पण त्याबरोबर दमटही होते. हे प्रत्यक्ष शीतन होय. याउलट ओले फडके गुंडाळलेल्या फिरकीच्या तांब्यातील पाणी थंड होते ते तांब्याच्या भिंतीतून; फडक्यातील पाणी आतल्या पाण्यात मिसळत नाही. अप्रत्यक्ष शीतनात तांब्यातील पाण्याच्या जागी हवा असते व तांब्याच्या भिंतीच्या जागी पातळ पत्र्यांची किंवा प्लॅस्टिकच्या पटलांची भिंत असते, एवढाच फरक आहे. [⟶ प्रशीतन, वातानुकूलन].

घरात हवा किंचित दमट झाली तरी बिघडत नाही. जेथे साठविलेल्या मालाला दमटपणा सोसत नाही अशा गुदामात मात्र ही पद्धत विचारात घ्यावी लागते. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील कांद्याची साठवण हे याचे चांगले उदाहरण आहे. प्रस्तुत नोंदीत त्याच उदाहरणाच्या आधारे या पद्धतीचे गणित, तिला लागणारे पाणी आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

हवामान व माल : मुंबई–आग्रा महामार्गावरील चांदवड हे सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे हा तालुका अवर्षणप्रवण आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८° ते ४०° से.पर्यंत चढते आणि हवा अतिशय कोरडी असते. नेमक्या याच सुमारास उन्हाळी (रब्बी) कांदा शेतातून निघतो. डिसेंबर-जानेवारीत लागण केलेल्या, ‘एन-२-४-१’सारख्या टिकाऊ वाणांच्या या कांद्यावरच पुढे ऑक्टोबरपर्यंतची बाजारपेठ अवलंबून असते. शेतकरी तो चाळीत ठेवतो व व्यापारी आपल्या खळ्यावरील गुदामात ठेवतो. चार ते सहा महिन्यांच्या पारंपरिक साठवणीत वजनातील घट, सड व कोंब फुटणे यांमुळे मिळून ३० ते ४० टक्क्यांपर्यंत नुकसान होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कांद्याच्या साठवणीस तापमानाचे दोनच पट्टे मानवतात. एक, ०° ते २° से. हा शीतगृहाचा, आणि दुसरा, २५° ते ३०° से. हा साध्या हवेशीर साठवणीचा. यांमधील, विशेषतः १०° ते २०° से. या पट्ट्यात कांद्याला कोंब फुटण्यास उत्तेजन मिळते. साध्या साठवणीत हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी लागते. ती बरीच वाढली, तर काळी बुरशी व सड पसरते आणि मुळे सुटतात. बरीच घटली, तर कांदा सुकून वजन कमी होते. म्हणजे चांदवडच्या उन्हाळ्यात गुदामाला हवा असतो तो दुपारच्या तापमानातील दहा-बारा अंशांचा उतार, पण ओलावा आटोक्यात ठेवून. अप्रत्यक्ष शीतनाची कामगिरी या मोजपट्टीनेच जोखली पाहिजे.

आर्द्र तापमान व समीपता : तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावरून वेगाने हवा वाहू दिली, तर पारा खाली येतो व एका ठिकाणी स्थिर होतो. या वाचनाला आर्द्र तापमान म्हणतात. साध्या तापमापकाच्या वाचनाला शुष्क तापमान म्हणतात. हवा जितकी कोरडी तितके या दोहोंतील अंतर मोठे. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याची सीमा सर्वसाधारण यंत्रांच्या बाबतीत आर्द्र तापमान ठरविते. म्हणून शीतकाच्या दृष्टीने शुष्क व आर्द्र तापमानांतील अंतर म्हणजे हाताशी असलेले भांडवलच होय.

प्रत्यक्षात कोणतेही यंत्र या सीमेपर्यंत पोहोचत नाही. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या थंड हवेचे तापमान आर्द्र तापमानापेक्षा जितके अंश अधिक राहते, त्या अंतराला समीपता म्हणतात. समीपता जितकी कमी तितके यंत्र सीमेच्या जवळ पोहोचले असे समजावे. उपलब्ध अंतरापैकी यंत्राने किती भाग प्रत्यक्ष उतरविला, याच्या शेकडेवारीला परिणामकारकता म्हणतात. चांगल्या ओल्या गादीच्या प्रत्यक्ष शीतकाची परिणामकारकता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अप्रत्यक्ष शीतकात उष्णतेला भिंत ओलांडावी लागत असल्याने ती ५५ ते ७० टक्के भरते.

या दोन मापांतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एकाच यंत्राची परिणामकारकता हवामान बदलले तरी फारशी बदलत नाही. समीपता मात्र बदलते. ६५ टक्के परिणामकारकतेचे यंत्र १८ अंशांचे अंतर उपलब्ध असताना ६.३ अंशांची समीपता देते आणि तेच यंत्र १२ अंशांचे अंतर असताना ४.२ अंशांची समीपता देते. म्हणून ‘समीपता चार अंश’ असे केवळ सांगितल्याने यंत्राचा दर्जा कळत नाही. ती कोणत्या शुष्क व आर्द्र तापमानाला मोजली, हेही विचारावे लागते.

रचना : अप्रत्यक्ष शीतकाचा गाभा म्हणजे एकमेकांलगत रचलेल्या अरुंद वाटांचा ठोकळा होय. या वाटा एकाआड एक कोरड्या व ओल्या असतात. गुदामात जावयाची हवा, म्हणजे मुख्य हवा, कोरड्या वाटांतून वाहते. ओल्या वाटांच्या भिंतींवर वरून पाणी सोडलेले असते आणि त्यांतून दुसरी, म्हणजे सहायक हवा, बहुधा आडव्या दिशेने वाहते. भिंतीवरील पाण्याचे सहायक हवेत बाष्पीभवन होते, त्यामुळे भिंत थंड होते व भिंतीपलीकडील मुख्य हवेची उष्णता ती ओढून घेते. दमट झालेली सहायक हवा बाहेर सोडून दिली जाते. उरलेले पाणी तळाच्या टाकीत जमते व पंपाने पुन्हा वर चढविले जाते. सहायक हवेचे प्रमाण मुख्य हवेच्या सामान्यतः निम्म्यापासून बरोबरीपर्यंत असते.

ओल्या वाटेत आधीच थंड केलेल्या हवेचा काही भाग वळवून आर्द्र तापमानाच्याही खाली, दवांकाच्या दिशेने उतरणारे प्रकारही आहेत. व्हालेरी मैसोत्सेंको यांच्या नावाने ओळखले जाणारे आवर्तन त्यांपैकी एक आहे. तथापि कांद्याच्या गुदामाला त्यांची गरज नाही. २०° से.च्या खाली हवा उतरविणे म्हणजे कोंबांना आमंत्रण देणे होय, आणि त्यासाठी पंख्यांची शक्ती व पाणी अधिक खर्चावे लागते.

एक उदाहरण : गणितासाठी १०० टन कांदा साठविणारे, २० मी. लांब व १२ मी. रुंद, छताखाली उष्णतारोधक थर असलेले बंदिस्त गुदाम कल्पू. एप्रिलमधील एका दुपारी बाहेरील शुष्क तापमान ३८° से. व आर्द्र तापमान २०° से. आहे आणि उंचीमुळे हवेचा दाब ९४० मिलिबार आहे, असे समजू. या स्थितीत सापेक्ष आर्द्रता सुमारे १९ टक्के येते आणि एक किग्रॅ. हवेत सुमारे ८.४ ग्रॅ. बाष्प असते.

साठविलेला कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो व उष्णता देतो. २५° ते २७° से. तापमानाला ही उष्णता टनामागे सुमारे ७० वॉट, म्हणजे १०० टनांना ७ किलोवॉट होते. छत, भिंती व दारे यांतून येणारी ८ किलोवॉट आणि पंख्यांची २ किलोवॉट धरल्यास गुदामातून एकूण १७ किलोवॉट उष्णता सतत काढावी लागेल. यासाठी ताशी १५,००० घनमीटर, म्हणजे टनामागे १५० घनमीटर हवा आत सोडू. ढिगाखालच्या मोकळ्या जागेतून ती वर चढते आणि छतालगतच्या झडपांतून बाहेर पडते.

शीतकाची परिणामकारकता ६५ टक्के धरली, तर १८ अंशांच्या अंतरापैकी ११.७ अंश उतरतात आणि हवा २६.३° से. तापमानाला आत येते. १७ किलोवॉट उष्णता घेताना ती सुमारे ३.७ अंशांनी तापते व ३०° से.ला बाहेर पडते. म्हणजे सर्व ढीग २६° ते ३०° से. या अपेक्षित पट्ट्यात राहतो. हीच हवा थंड न करता आत सोडली असती, तर ढिगाच्या माथ्यावर ती ४१° से.च्याही पुढे गेली असती.

आता आर्द्रता पाहू. मुख्य हवेत पाणी मिसळलेले नसल्याने तिच्यातील बाष्प ८.४ ग्रॅ. एवढेच राहते, परंतु ती थंड झाल्यामुळे सापेक्ष आर्द्रता १९ टक्क्यांवरून सुमारे ३७ टक्के होते. ही ६५ टक्क्यांपेक्षा कमीच आहे. तरीही कांदा सुकण्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. कांद्यातील पाणी किती जोराने ओढले जाईल, हे त्या तापमानाला हवेत मावू शकणारे बाष्प आणि प्रत्यक्षातील बाष्प यांच्या दाबांतील फरकावर अवलंबून असते. बाहेरच्या हवेत हा फरक सुमारे ५४ मिलिबार आहे. थंड हवेत तो आत येताना २२ व बाहेर जाताना ३० मिलिबार राहतो. पाण्याचा एक थेंबही हवेत न मिसळता सुकविण्याची ओढ जवळजवळ निम्म्यावर, ढिगाच्या तळाशी तर निम्म्याहूनही खाली येते. केवळ सापेक्ष आर्द्रतेचा आकडा पाहणाऱ्याच्या हा लाभ लक्षात येत नाही.

प्रत्यक्ष शीतनाशी तुलना : याच दुपारी प्रत्यक्ष शीतक वापरला असता तर हवा २२.७° से.पर्यंत उतरली असती व तिची सापेक्ष आर्द्रता ७९ टक्के झाली असती. गुदामातून जाताना ही हवा तापून तिची आर्द्रता ६३ टक्क्यांपर्यंत खाली येते. त्यामुळे ढिगाच्या वरच्या थरांना ती मानवेल. परंतु हवा जेथे शिरते त्या खालच्या थरांना ती दमटच भेटते, आणि गादीतून उडणारे पाण्याचे तुषार तेथील कांद्यावर पडले तर सडीची सुरुवात तेथूनच होते.

खरा फरक जून उजाडल्यावर, पाऊस पडण्यापूर्वीच्या दमट दिवसांत दिसतो. समजा, शुष्क तापमान ३५° से. व आर्द्र तापमान २३° से. आहे. प्रत्यक्ष शीतक २४.८° से. तापमानाची, पण ८६ टक्के आर्द्रतेची हवा देईल. अप्रत्यक्ष शीतक २७.२° से. तापमानाची व ५७ टक्के आर्द्रतेची हवा देईल. सुमारे अडीच अंश अधिक उष्ण, परंतु कांद्याला सुरक्षित अशी ही हवा आहे. प्रत्यक्ष शीतकातून येणारी हवा ऋतू कोणताही असो, तृप्तावस्थेच्या जवळची असते. अप्रत्यक्ष शीतक मात्र बाहेरच्या हवेतील बाष्प आहे तेवढेच ठेवतो. निवडीचे कारण हे आहे. एप्रिलमधील अतिकोरड्या दुपारी आर्द्रता थोडी वाढवावयाची असेल, तर अप्रत्यक्ष शीतकापुढे लहानशी ओली गादी बसवून मुख्य हवेचा काहीच भाग तिच्यातून नेण्याची दुटप्पी योजना करता येते. मे अखेरीस ती गादी बंद करावी.

पाण्याचा खर्च : अप्रत्यक्ष शीतनात आर्द्रतेपासून मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत पाण्याच्या रूपाने द्यावी लागते. वरील उदाहरणात मुख्य हवेतून सुमारे ५४ किलोवॉट उष्णता काढली जाते. एक किग्रॅ. पाण्याचे बाष्पीभवन होण्यास सुमारे २,४३० किलोजूल उष्णता लागत असल्याने एवढ्यासाठी ताशी ८० लि. पाणी वाफ होऊन जाते. पण खर्च येथे थांबत नाही. सहायक हवाही ३८° से. तापमानालाच ओल्या वाटेत शिरते व स्वतः २६° से.पर्यंत थंड होऊन बाहेर पडते. तिचे प्रमाण मुख्य हवेच्या ६० टक्के धरल्यास तिच्या थंड होण्यापायी ताशी आणखी सुमारे ५० लि. पाणी जाते, आणि ही थंड झालेली हवा फेकून दिली जाते. एकूण बाष्पीभवन ताशी १३० लि. होते.

प्रत्यक्ष शीतकाला त्याच मुख्य हवेसाठी ताशी सुमारे १०४ लि. पाणी लागले असते आणि तापमान १५.३ अंशांनी उतरले असते. दर अंशामागील पाण्याची तुलना केली तर अप्रत्यक्ष शीतकाला दीडपटीहून थोडे अधिक पाणी लागते.

याखेरीज निचरा मोजला पाहिजे. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. चांदवड परिसरातील विहिरी व कूपनलिका बेसाल्ट खडकातील आहेत आणि उन्हाळ्यात पातळी खोल गेल्यावर त्यांचे पाणी बहुधा कठीण असते. टाकीतील क्षारांचे प्रमाण मूळच्या तिपटीपेक्षा वाढू द्यावयाचे नसेल, तर बाष्पीभवनाच्या निम्मे, म्हणजे ताशी ६५ लि. पाणी सोडून द्यावे लागते. एकूण खर्च ताशी १९५ लि. झाला. यंत्र दिवसाचे आठ तास चालविल्यास रोज सुमारे १,५६० लि. आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या साठ दिवसांत सुमारे ९४,००० लि. पाणी लागेल. सर्व दिवस सारखेच कडक धरल्यामुळे हा आकडा वरच्या मर्यादेचा आहे. तथापि योजना आखताना तोच धरणे सुरक्षित असते.

दहा हजार लिटरांच्या टँकरच्या मापाने हे नऊ ते दहा टँकर होतात. ज्या तालुक्यात टंचाईच्या वर्षी गावांनाच पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागते, तेथे त्याच दोन महिन्यांत विहिरीतून एवढे पाणी गुदामासाठी उपसणे योग्य ठरत नाही. याचे एक उत्तर गुदामाच्या छतावरच आहे. २४० चौरस मीटर छतावर वर्षाला ५०० मिमी. पाऊस पडला व त्याचा पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी ९६,००० लि. पाणी जमा होते. हे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असल्याने निचरा बाष्पीभवनाच्या दहाव्या हिश्शावर आणता येतो. मग हंगामाची गरज सुमारे ६९,००० लिटरांवर येते. म्हणजे ५ मी. लांब, ५ मी. रुंद व २.८ मी. खोल अशी एक टाकी पुरेशी होते. मात्र टाकी झाकलेली असली पाहिजे. सप्टेंबरात भरलेले पाणी एप्रिलपर्यंत उघड्या शेततळ्यात ठेवले, तर त्यातील मोठा भाग यंत्राला लागण्यापूर्वीच उडून जातो. या टाकीचा बांधकाम-खर्च शीतकाच्या किमतीतच धरावयास हवा.

पाणी वाचविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बाहेरच्या हवेऐवजी गुदामातून बाहेर पडणारी ३०° से.ची हवा सहायक म्हणून वापरणे. ती मुळातच आठ अंशांनी थंड असल्यामुळे, तेवढाच परिणाम साधण्यास ताशी सुमारे ३० लि. पाणी कमी लागते. शिवाय तिचे आर्द्र तापमान १८° से.च्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दोन अंशांनी कमी असते, त्यामुळे शीतनाची सीमाच खाली सरकते. या योजनेतील अडचण कांद्याचीच आहे. सुटलेले पापुद्रे व धूळ त्या हवेबरोबर येऊन ओल्या वाटा तुंबतात. म्हणून वाटेत बारीक जाळी बसवून ती रोज झाडावी लागते.

मर्यादा : पावसाळा सुरू झाला की या पद्धतीचे भांडवल संपते. जुलैमध्ये शुष्क तापमान २८° से. व आर्द्र तापमान २४° से. असेल, तर उपलब्ध चार अंशांपैकी २.६ अंशच उतरतात. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, हवेतील बाष्प तेवढेच राहून ती थंड झाल्याने सापेक्ष आर्द्रता ७२ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर जाते. म्हणजे हवेत पाणी न मिसळणारे यंत्रही आता कांद्याला अपायकारक ठरते. आर्द्र तापमान २३° से.च्या वर स्थिरावू लागताच पाण्याचा पंप बंद करून केवळ पंखे चालवावेत. दमट दिवसांत हवा थंड करण्यापेक्षा खेळती ठेवणे हेच हिताचे असते. सप्टेंबर-ऑक्टोबरातील कोंब फुटण्यावर या पद्धतीत उपाय नाही. त्यासाठी विकिरणासारखे वेगळे मार्ग आहेत. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करण्याचा प्रकल्प उभारला आहे.

उन्हाळ्यातही पंप अहोरात्र चालविण्याचे कारण नसते. एप्रिल-मेमध्ये रात्रीची हवा आपोआप पंचविशीच्या आसपास किंवा तिच्याही खाली येते. त्या वेळी पाणी बंद ठेवून बाहेरचीच हवा पंख्याने ढिगातून न्यावी. कांद्याच्या मोठ्या ढिगाची उष्णताधारकता बरीच असल्यामुळे हा गारवा सकाळी काही तास टिकतो. शीतक बसविण्यापूर्वी दिवसा दारे बंद व रात्री पंखे सुरू एवढीच व्यवस्था आठवडाभर करून ढिगाच्या मध्यभागी तापमान मोजावे. ते दुपारीही ३०° से.च्या आत राहत असेल, तर यंत्राची गरजच नाही.

दोष व त्यांची परीक्षा : अप्रत्यक्ष शीतकाचे बहुतेक दोष दोन तापमापक व ओल्या मलमलीचा एक तुकडा यांनी ओळखता येतात. मलमल स्वच्छ असावी, ती शुद्ध पाण्याने भिजवावी आणि फुग्यावरून सेकंदाला किमान तीन मीटर वेगाने हवा वाहू द्यावी. नाहीतर आर्द्र तापमान प्रत्यक्षापेक्षा अधिक वाचले जाते व यंत्र आहे त्यापेक्षा चांगले भासते. बाहेरील वाचन उन्हात किंवा तापलेल्या छतालगत घेऊ नये.

पहिली परीक्षा परिणामकारकतेची. बाहेरचे शुष्क, बाहेरचे आर्द्र व आत येणाऱ्या हवेचे शुष्क अशी तीन तापमाने दर आठवड्याला एकाच वेळी नोंदवावीत. परिणामकारकता ६५ टक्क्यांवरून हळूहळू ५० टक्क्यांकडे घसरत असेल, तर ओल्या वाटांत क्षारांची पुटे चढू लागली आहेत असे समजावे. क्षारांचा थर उष्णतेला अडवितोच, शिवाय पाणी भिंतीवर सारखे पसरू देत नाही व कोरडे पट्टे राहतात. घसरण एकाएकी झाली असल्यास पाण्याची एखादी तोटी तुंबली असण्याचा किंवा पंखा बिघडल्यामुळे सहायक हवा कमी पडत असल्याचा संभव अधिक असतो.

दुसरी परीक्षा गळतीची, आणि कांद्याच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. आत येणाऱ्या हवेत पाणी मिसळत नसेल, तर ती थंड होताना तिचे आर्द्र तापमानही खाली आले पाहिजे. आपल्या उदाहरणात ते २०° से.वरून १६° से.च्या किंचित वर यावयास हवे. आतील हवा थंड आहे, पण तिचे आर्द्र तापमान बाहेरच्याइतकेच, म्हणजे वीसच्या आसपास राहिले आहे, असे आढळल्यास भिंतीला तडा जाऊन किंवा सांधा सुटून ओल्या वाटेतील पाणी मुख्य हवेत येत आहे असे निश्चित समजावे. अशा वेळी परिणामकारकतेचा आकडा उलट सुधारल्यासारखा दिसतो. कारण गळका अप्रत्यक्ष शीतक नकळत प्रत्यक्ष शीतक बनलेला असतो. हाताला थंड वाऱ्याची झुळूक लागत असली, तरी ढिगाच्या तळाशी आर्द्रता वाढत असते व काही दिवसांनी तेथील कांद्यावर काळी बुरशी धरलेली दिसते. म्हणून शुष्क तापमानाच्या वाचनाबरोबर आर्द्र तापमानाचे वाचन घेणे या पद्धतीत अपरिहार्य आहे.